क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहिलं तर कर्ज किती महिन्यांत फिटतं, हे घरी कसं काढायचं

दारव्ह्याकडे माझा भाचा राहतो. पेरणीच्या दिवसात त्याने क्रेडिट कार्डावर फवारणी पंप, मोबाइल आणि थोडं खत घेतलं. जूनचं बिल अर्धवट भरलं, आणि जुलैच्या बिलावर व्याज धरून ४०,००० रुपये आले. बिलात 'Minimum Amount Due' म्हणून २,००० लिहिलं होतं, तेवढे त्याने लगेच भरले. पुढचे तीन महिनेही बिल आलं की किमान रक्कम त्याच दिवशी भरली. कार्ड पुन्हा कुठे वापरलं नाही. दिवाळीच्या सुमारास घरी आला तेव्हा मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, मी त दर महिन्याले भरून रायलो, मंग हे कमी काहून नाही होऊन रायलं?" चार महिन्यांत त्याने ७,८७२ रुपये भरले होते आणि नवं बिल होतं ३८,३०५ रुपयांचं.

बँकेने काही चुकवलं नव्हतं. हिशोबच तसा आहे. तो घरी कागदावर करता येतो, आणि एकदा केला की पुढे काय करायचं तेही दिसतं.

आधी बिलावरचे तीन आकडे शोधा

पहिला 'Total Amount Due', म्हणजे एकूण देणं. दुसरा 'Minimum Amount Due', म्हणजे किमान रक्कम. ती वेळेत भरली तर उशिराचा दंड लागत नाही आणि तुमचं खातं थकीत म्हणून सिबिलकडे जात नाही. किमान रकमेचं काम एवढंच. उरलेल्या पैशांवर व्याज चालूच राहतं.

तिसरा आकडा महिन्याच्या व्याजदराचा. तो बहुतेक बिलाच्या मागच्या पानावर किंवा अगदी खाली बारीक अक्षरात असतो. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तो ३ ते ३.७५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. भाच्याच्या कार्डाला ३.५ टक्के होता. गावात सावकारी व्याज जसं 'शेकडा साडेतीन' म्हणून सांगतात, तेच हे. वर्षाचे ४२ टक्के होतात. इथे एक गल्लत मी फार वेळा पाहिली आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नावातही 'क्रेडिट कार्ड' आहे, म्हणून दोन्ही सारखीच असं लोक धरून चालतात. किसान कार्डावरच्या ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर वर्षाला ७ टक्के असतो, वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने तो ४ वर येतो, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने शून्यावर. तिथला आकडा वर्षाचा आणि इथला महिन्याचा, हे विसरू नका.

व्याजात जीएसटी मिळवा

कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून बिलावरच्या दराला १.१८ ने गुणा. ३.५ × १.१८ = ४.१३. खरा दर महिन्याला शेकडा ४ रुपये १३ पैसे. पुढचा सगळा हिशोब याच आकड्याने करायचा.

एका महिन्याचा हिशोब मांडा

बिल ४०,०००. त्यातून २,००० भरले, राहिले ३८,०००. त्यावर साडेतीन टक्क्याने व्याज १,३३० आणि जीएसटी सुमारे २३९, मिळून १,५६९. पुढचं बिल ३९,५६९. खिशातून २,००० गेले आणि देणं कमी झालं ४३१ रुपयांनी.

आता पुढच्या महिन्याकडे बघा, कारण खरी अडचण तिथे आहे. या कार्डाची किमान रक्कम एकूण देण्याच्या ५ टक्के होती. देणं थोडं उतरलं, तशी किमान रक्कमही उतरली: १,९७८. त्यातून देणं फिटलं फक्त ४२५. म्हणजे दर महिन्याला बँक तुम्हाला थोडं कमी मागते, तुम्ही थोडं कमी भरता आणि कर्ज फिटायचा वेग मंदावत जातो. माणसाला वाटतं, हप्ता हलका होतोय, बरं झालं. मुदत वाढते ती नेमकी याच हलकेपणाने.

असंच चालू ठेवलं तर काय होतं, ते मी त्याच्यासमोर कागदावर काढलं. पहिल्या वर्षात भरणा २२,६२९ रुपये, आणि वर्षाअखेर देणं ३५,१२८. ४० हजारांचे २० हजार व्हायला ६४ महिने, म्हणजे पाच वर्षं चार महिने, आणि तोवर भरलेले जवळपास ९३ हजार. पुढे देणं ४,००० च्या खाली गेलं की त्याच्या बँकेत किमान रक्कम २०० रुपयांवर थांबते, आणि तिथून ते एकदाचं संपतं. एकूण महिने २५२, म्हणजे एकवीस वर्षं. एकूण भरणा सुमारे पावणेदोन लाख. तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता पहिलाच आकडा धरून ठेवा

त्याच कर्जावर, त्याच दराने, पहिल्या महिन्याला भरलेले २,००० दर महिन्याला तेवढेच भरत राहिलो तर? बँक १,९७८ मागो की १,५०० मागो, आपण २,०००च द्यायचे. कर्ज ३९ महिन्यांत संपतं, एकूण भरणा सुमारे ७७,९००. सुरुवातीचा हप्ता एक रुपयानेही वाढवलेला नाही, फक्त तो खाली घसरू दिला नाही, आणि २५२ चे ३९ महिने झाले. महिन्याला ४,००० झेपले तर १३ महिने आणि एकूण सुमारे ५० हजार.

तुमच्या रकमेसाठी हे मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये काढता येतं. पहिला आकडा दर, दुसरा ठरलेला हप्ता (उणे चिन्हासह), तिसरा आजचं देणं:

```
=NPER(0.0413,-2000,40000,0,1)
```

उत्तर ३८.९५ येतं, म्हणजे ३९ महिने, शेवटचा हप्ता थोडा लहान. हप्ता बदलून बघा. १,५८६ किंवा त्याहून कमी टाकला की आकड्याऐवजी `#NUM!` दिसेल. तुमचा हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही आणि देणं कधीच फिटणार नाही, असा त्याचा अर्थ. या सूत्रात बिल येईल त्याच दिवशी पैसे भरले असं धरलेलं आहे. कार्डाचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात, म्हणून शेवटच्या तारखेला भरणाऱ्याचं बिल यापेक्षा थोडं जास्त येतं. पैसे हातात आले की तारखेची वाट न बघता भरायचे, ते यासाठी.

सगळ्या बँका किमान रक्कम ५ टक्क्यांनी काढत नाहीत. काही ठिकाणी व्याज, जीएसटी आणि दंड पूर्ण घेऊन वर उरलेल्या देण्याचे थोडे टक्के, जसे २ टक्के, लावतात. तिथे देणं महिन्याला २ टक्क्यांनी उतरतं, तरीही निम्मं व्हायला ३५ महिने लागतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार किमान रक्कम अशी हवी की ती भरूनही देणं वाढत जाणार नाही. तुमचं देणं वाढत असेल तर नवी खरेदी, दंड किंवा वार्षिक फी बिलात शिरली आहे का, ते आधी बघा.

सोयाबीन आणि कापसाचा पैसा कसा लावायचा

नोकरदाराला दर महिन्याला सारखा हप्ता जमतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा आणि त्यानंतर कापसाचा येतो, बिल मात्र बाराही महिने येतं. म्हणून कोरड्या महिन्यांत ठरलेले २,००० आणि माल विकला की मोठी रक्कम, असं आम्ही ठरवलं. नोव्हेंबरच्या ३८,३०५ च्या बिलात त्याने सोयाबीनचे २०,००० भरले. डिसेंबरचं बिल १९,०६१ आलं, त्यात २,०००. जानेवारीचं १७,७६६, त्यातही २,०००. फेब्रुवारीला १६,४१७ राहिले आणि ते कापसाच्या पैशातून पूर्ण भरले. जुलैपासून आठ महिन्यांत एकूण गेले ४८,२८९. व्याजाचे ८,२८९ गेलेच, पण एकवीस वर्षं वाचली.

हे करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. एक, कार्ड घरात ठेवून दिलं. मागचं देणं उरलेलं असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा घेतला तरी त्याच दिवसापासून साडेतीन टक्के सुरू. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर मागचं देणं नसतानाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर फी. दुसरी गोष्ट, ऑटोपे. त्याच्या ॲपमध्ये ऑटोपे 'Minimum Amount Due' वर लावलेला होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. फिटेपर्यंत तो बंद करून रक्कम हाताने टाकली. दंड चुकवण्यासाठी ऑटोपे ठेवायचाच असेल तर ठेवा, पण वरचा फरक स्वतः भरा.

माल विकायला अजून पाच-सहा महिने असतील तर कर्ज स्वस्त ठिकाणी हलवणं हा मार्ग आहे. बचत गटातून किंवा बँकेच्या सोनेतारणातून शेकडा १ च्या आसपास पैसे मिळाले आणि त्यातून कार्ड फेडलं, तर २,००० च्याच हप्त्याने ४० हजार २३ महिन्यांत फिटतात, एकूण सुमारे ४४,८५० देऊन. कार्डाची बँकही देणं हप्त्यांत बदलून देते. तेव्हा फोनवर दर महिन्याचा सांगतात की वर्षाचा, प्रोसेसिंग फी किती आणि जीएसटी किती, हे विचारून घ्या आणि हप्ता वरच्या पद्धतीने तपासा. सोनं ठेवायचं तर ते सोडवायची तारीख आधी ठरवा, नाहीतर एक देणं फेडून दुसरं उभं राहतं.

फेब्रुवारीत सगळं भरूनही मार्चमध्ये भाच्याला पुन्हा ४०१ रुपयांचं बिल आलं. घाबरून त्याने फोन केला. कापसाचा पैसा उशिरा हातात आला, म्हणून ते बिल त्याने अठरा दिवसांनी भरलं होतं. १६,४१७ रुपयांवरचं त्या अठरा दिवसांचं व्याज ३४० आणि जीएसटी ६१ असं ते देणं होतं. हे शेपूट बहुतेकांना येतं. कार्ड फिटलं म्हणून ते न भरता सोडलं तर त्यावर दंड बसू शकतो. त्याने त्याच संध्याकाळी ४०१ भरले, आणि एप्रिलच्या बिलावर शून्य आलं.