धाव स्ट्रावावर आली नाही? हात आवरा आणि या चुका टाळा

रविवारी सकाळी २१ किलोमीटर पळून आल्यावर पाच मिनिटांत स्ट्रावावर काही दिसलं नाही, की लोक घाबरतात. मग हाताला येईल ते बटण दाबतात आणि संध्याकाळी विचारतात, 'एकाच धावेच्या दोन नोंदी कशा झाल्या?' बहुतेक दुहेरी नोंदी ॲपमुळे होत नाहीत, त्या उतावळेपणातून होतात. गार्मिनचं घड्याळ आणि स्ट्रावा ही जोडी सगळ्यात जास्त दिसते, म्हणून तिच्यावरच बोलू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नोंद कुठे अडकलीय ते न बघता स्ट्रावात हाताने नवी नोंद टाकणं. धावेला दोन टप्पे पार करावे लागतात. आधी ब्लूटूथने घड्याळातून फोनमधल्या गार्मिन कनेक्टमध्ये, आणि तिथून गार्मिनच्या सर्व्हरवरून स्ट्रावाकडे. म्हणून पहिला प्रश्न एकच: धाव गार्मिन कनेक्टमध्ये दिसते का?

दिसत नसेल तर स्ट्रावाला हातही लावू नका. घड्याळावर धाव 'सेव्ह' केली होती का, फोनचं ब्लूटूथ चालू आहे का, बॅटरी सेव्हरने गार्मिन कनेक्ट झोपवलं आहे का, हे बघा. मग ते ॲप उघडून सिंक करा. अँड्रॉइडवर त्या ॲपपुरते बॅटरीचे निर्बंध काढून टाका, म्हणजे दर आठवड्याला हेच रडगाणं होत नाही.

गार्मिन कनेक्टमध्ये दिसते पण स्ट्रावात नाही, तर अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. इथे तासभर थांबायची तयारी हवी. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनची सेवा काही दिवस बंद होती. तेव्हाही धावा घड्याळातच होत्या, सेवा सुरू झाल्यावर त्या चढू लागल्या. तेवढ्यात एखाद्याने 'सकाळची धाव, १० किमी' अशी हाताने नोंद टाकली असेल, तर खरी नोंद आल्यावर आठवड्याची बेरीज फुगणारच. हाताने टाकलेल्या नोंदीत ना नकाशा असतो, ना हृदयगती. ती टाकून काय मिळवायचं, हे कोडंच आहे.

थांबूनही आली नाही, तर धावेची मूळ फाइल चढवा. संगणकावर गार्मिन कनेक्टमध्ये ती धाव उघडा, वरच्या दातेरी चाकाच्या मेन्यूतून `Export File` निवडा (जुन्या रचनेत हेच `Export Original` होतं). झिप उघडली की `.fit` फाइल मिळते. ती `strava.com/upload/select` इथे चढवा. जीपीएक्स निवडू नका, मूळ फिटमध्ये जास्त माहिती असते. शिवाय नंतर गार्मिनकडून तीच धाव आली तर स्ट्रावा साधारणपणे ती 'डुप्लिकेट' म्हणून नाकारतो.

पण स्ट्रावाची ही ओळख आंधळेपणाने धरू नका. घड्याळ चालू असताना फोनवरही स्ट्रावाचं रेकॉर्डिंग लावण्याची अनेकांना सवय असते, 'असू दे, बॅकअप'. समजा घड्याळ ६:०२ ला सुरू केलं आणि फोन ६:०० ला. घड्याळ म्हणतं २१.१ किमी, फोन म्हणतो २१.४. उपकरणं वेगळी, फाइली वेगळ्या, म्हणून दोन्ही धावा राहू शकतात आणि आठवड्याच्या खात्यात ४२.५ किमी जमा होतात. आता कोणती काढायची? आधी दोन्ही उघडा आणि नोंदीवर उपकरणाचं नाव वाचा. घड्याळाची ठेवा, हृदयगती तिच्यातच आहे. फोनच्या नोंदीला जास्त कुडोज मिळाले म्हणून ती ठेवणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

घाईत घड्याळाचीच उडवली? स्ट्रावात उडवलेली नोंद परत येत नाही, पण स्ट्रावातून काढल्याने गार्मिन कनेक्टमधली जात नाही. वरचीच निर्यात करून पुन्हा चढवा. गार्मिनमधूनही पुसली असेल, तर घड्याळ केबलने संगणकाला जोडून `GARMIN` मधल्या `Activity` फोल्डरमध्ये त्या तारखेची फाइल शोधा. तिथे ती अजून असेल तर नशीब.

जोडणी तोडून पुन्हा जोडणं हा शेवटचा उपाय आहे, लोक तोच पहिला करतात. करायचाच असेल तर परवानगीच्या पडद्यावर ॲक्टिव्हिटीचं बटण बंद राहिलं नाही ना, तेवढं वाचा. न वाचता 'पुढे' दाबणाऱ्यांच्या धावा इथेच गळतात.

फीडमध्ये दिसत नाही म्हणजे हरवली असंही नाही. गोपनीयता 'फक्त तुम्ही' असेल तर मित्रांना ती दिसणार नाही, तुमच्या प्रोफाइलमध्ये मात्र असेल.

पावसाळ्यात घरी ट्रेनरवर झ्विफ्ट चालवणाऱ्यांसाठी एक ओळ: घड्याळावर वेगळी राइड रेकॉर्ड करू नका, हृदयगती फक्त ब्रॉडकास्ट करा आणि नोंद झ्विफ्टलाच करू द्या.