"सर, धरण फुटलंय!": वर्गासाठी काही प्रश्न

चिपळूणला जिल्हा दैनिकात वार्ताहर म्हणून लागलो, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली ही रात्र. साडेदहाच्या सुमाराला मोबाइलवर एक फोटो आला. सिमेंटची भिंत, उघडलेले दरवाजे, दरवाजांतून उसळणारं पाणी, आणि खाली मजकूर: "वरचं धरण फुटलं, खालच्या वाड्यांनी ताबडतोब घरं सोडा." पाच मिनिटांत तोच फोटो आणखी चौघांकडून आला. आता वर्गात मी हाच फोटो दाखवतो आणि विचारतो: तुमच्याकडे किती सूत्रं आहेत?

मुलं "पाच" म्हणतात. उत्तर शून्य आहे. पाचही जण एकच मेसेज पुढे ढकलत होते आणि पाहिलेलं कुणीच नव्हतं. मी एकेकाला फोन करून विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?" तिघं एकाच ग्रुपवर जाऊन थांबले आणि त्या ग्रुपवर तो मेसेज मुंबईहून आलेला. आमच्याकडे असल्या अफवेला जोर येतो त्यालाही कारण आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री याच तालुक्यात तिवरे धरण खरोखर फुटलं, घरं आणि माणसं वाहून गेली. त्यामुळे "असं कुठे होतं का?" म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

पुढचा प्रश्न: फोटोतलं धरण आणि मेसेजमधलं धरण एकच आहे का? इंटरनेट उघडण्याआधीच याचं उत्तर मिळत होतं. आमचं ते धरण मातीचं. लघुपाटबंधाऱ्याच्या अशा मातीच्या धरणांना सहसा दरवाजे नसतात, बाजूला उघडा सांडवा असतो. धरण भरलं की जादा पाणी आपोआप सांडव्यावरून जातं. दरवाजे असलेली सिमेंटची भिंत म्हणजे फोटो दुसऱ्याच कुठल्या धरणाचा. मग गूगल लेन्समध्ये तो टाकला तर दुसऱ्या राज्यातल्या दोन वर्षं जुन्या बातमीत तोच निघाला. TinEye या फोटो शोधायच्या साइटवर निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, तेही बघायची सवय ठेवा. मात्र शोधात काहीच सापडलं नाही, तर फोटो आजचाच आहे असं समजू नका. तो आधी कुठे नेटवर चढलाच नसेल, इतकंच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रातून काढल्याची वेळ नि जागा निघून जाते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागा, तीही मोबाइलचं घड्याळ बरोबर असेल असं गृहीत धरूनच वाचा.

इथे बरीच मुलं थांबतात. फोटो खोटा, म्हणून बातमी खोटी. पण जुना फोटो लावून खरी बातमीही फिरते. फोटो निकालात निघाला, दावा अजून शिल्लक होता.

म्हणून धरणाजवळच्या वाडीतल्या एका काकांना फोन लावला. "धरण फुटलं का हो?" असं विचारलं असतं तर त्यांनी ऐकलेलंच सांगितलं असतं. मी विचारलं, "काका, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात? डोळ्यांनी काय दिसतंय?" ते म्हणाले, "सांडव्याच्या कडेला हाय. सांडवा जोरात व्हातोय, बांध हाय तसा हाय." मग विचारलं, पाणी बांधावरून चाललंय का? बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपतंय का? सांडवा वाहणं हे नेहमीचं, या दोन गोष्टी मात्र धोक्याच्या. दोन्हीला त्यांनी नाही म्हटलं. मग १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारलं, तिथेही विसर्ग वाढल्याचीच नोंद होती. "सांडवा वाहतोय"चं तोंडातोंडी "फुटलं" झालेलं.

आम्ही "फुटलं" छापलं नाही, पण गप्पही बसलो नाही. सांडवा वाहतोय, बांध शाबूत आहे, ओढ्याकाठच्यांनी पाण्यात उतरू नये, आणि हे किती वाजता कोणाकडून कळलं, एवढं दिलं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना मुलं सरसकट शिव्या घालतात, त्यांना मी एवढंच सांगतो की घाबरून पाठवणारा वेगळा नि खोटं माहीत असून पाठवणारा वेगळा. खोटा इशारा पसरवणं आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली गुन्हा आहे.

चूक माझीही झाली. दुसऱ्या दिवशीच्या खुलाशात तो फोटो तसाच छापला, आडवी फुली न मारता. संध्याकाळपर्यंत आमच्या पेपराच्या नावासकट तेवढाच तुकडा कापून फिरत होता. तेव्हापासून खोटं चित्र दाखवायचंच असेल, तर मधोमध जाड अक्षरात 'जुना फोटो' लिहितो, कापलं तरी निघणार नाही असं.

परीक्षेला मी हा प्रश्न घालतो: रात्रीचे पावणेबारा, नियंत्रण कक्षाचा फोन लागत नाही, काका म्हणतात काळोखात बांध दिसत नाही, पण ओढ्याचं पाणी अर्ध्या तासात हातभर चढलंय. पाच ओळींत बातमी लिहा. "फुटलं" हा शब्द वापरायचा नाही, आणि काकांना दिसलेलं पाणी गाळायचं नाही.