पाणीबचतीचं भाषण: एकच सवय, तीही मोजून

परिपाठातल्या दोन मिनिटांच्या भाषणात साधारण दोनशे शब्द बसतात. त्यात दहा सवयी कोंबल्या तर एकही लक्षात राहत नाही. एकच निवडा: दात घासताना चालू राहणारा नळ.

आदल्या दिवशी घरी मोजमाप करा. नळ रोज सोडता तेवढाच सोडा. पूर्ण सोडून मोजलं तर आकडा फुगतो आणि ऐकणाऱ्याला तो खोटा वाटतो. खाली एक लिटरचं रुंद तोंडाचं माप धरा, कारण बाटलीच्या अरुंद तोंडातून पाणी बाहेर सांडतं आणि वेळ चुकते. समजा माप दहा सेकंदांत भरलं. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, दोन मिनिटं दात घासताना बारा लिटर. घरात चार माणसं दोन वेळा दात घासत असतील तर दिवसाला ९६ लिटर. तेच काम अर्ध्या लिटरच्या मगात केलं तर चार लिटर. तुमच्या नळाचा आकडा वेगळा येईल, तोच सांगा.

भाषणाची सुरुवात थेट या आकड्याने करा. ‘९६ लिटर’ म्हटल्यावर क्षणभर थांबा आणि लगेच ‘म्हणजे वीस लिटरच्या जवळजवळ पाच बादल्या’ असं सांगा. लिटर डोळ्यांसमोर येत नाहीत, बादल्या येतात. हातात मग असला तर उत्तमच, पण तो रिकामा ठेवा. भरलेला मग आणि माईकची वायर एकत्र नकोत.

शेवटी श्रोत्यांना एकच काम द्या: आज घरचा नळ मोजून उद्या आकडा वर्गातल्या फळ्यावर लिहायचा.