चीजला बुरशी आली: किती कापायचं आणि काय सरळ टाकायचं

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी फ्रीज आवरताना एकाच कप्प्यात बुरशी आलेल्या दोन वस्तू हाती लागल्या. एक होता चेडरचा २०० ग्रॅमचा तुकडा. त्याच्या एका टोकाला हिरवट-निळा डाग होता, साधारण नखाएवढा. दुसरा पनीरचा डबा. पनीर पाण्यात ठेवलेलं होतं, पण एका तुकड्याचा कोपरा पाण्याच्या वर राहिला होता आणि नेमक्या त्या कोपऱ्यावर मुगाएवढा पांढुरका, कापसासारखा ठिपका दिसत होता.

सासूबाई म्हणाल्या, "दोन्हीचं वरचं वरचं काढ गं. पनीर तर तळायचंच आहे, तळल्यावर काय राहतंय त्यात?"

"आई, चेडरचं काढते, पण पनीर सगळं टाकावं लागेल," मी म्हटलं. त्यांना ते पटेना. डाग चेडरवर मोठा, पनीरवर एवढासा, आणि मी टाकत होते पनीर. अन्न टाकणं मलाही जिवावर येतं, म्हणून हा हिशेब नीट सांगते.

ठिपका नाही, पाणी बघायचं

आपल्याला दिसतो तो रंगीत डाग म्हणजे बुरशीचा वरचा भाग. तिचे बारीक तंतू खाली पदार्थात शिरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते किती दूर जातील हे पदार्थ किती घट्ट आणि किती ओला आहे यावर ठरतं. चेडरमध्ये पाणी साधारण ३७ टक्के असतं, पार्मेझानमध्ये त्याहूनही कमी. शिवाय मीठ आहे, आंबटपणा आहे आणि पोत दाबून बसवल्यासारखा घट्ट आहे. बुरशीला हवा लागते. अशा घट्ट चीजमध्ये आत हवा नाही आणि ओलावाही बेताचा, म्हणून ती पृष्ठभागाजवळच अडकते.

पनीरचं सगळं उलटं आहे. आपल्या अन्नसुरक्षेच्या मानकांप्रमाणे पनीरमध्ये ६० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. मीठ नसतंच, आंबटपणाही फार नसतो, आणि दाबून केलेलं असलं तरी आत बारीक बारीक फटी राहतात. तंतूंना वाट मोकळी मिळते. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे बुरशी वाढण्याजोगी परिस्थिती झाली, तर जीवाणूंनाही तीच मानवते. त्यांचा ठिपका दिसत नाही. त्यामुळे पनीरवरचा मुगाएवढा कोपरा कापला, तरी उरलेलं चांगलं आहे हे कळायला काही मार्गच उरत नाही.

तळण्याचा मुद्दा राहिला. उष्णतेने बुरशी मरते हे खरं. पण काही बुरश्या पदार्थात विषारी द्रव्यं सोडतात आणि त्यांतली कित्येक स्वयंपाकाच्या आचेला नाहीशी होत नाहीत. त्यामुळे तळलेलं, उकळलेलं किंवा मसाल्यात मुरवलेलं पनीर वाचलं असं समजू नका.

आधी बघा, ती बुरशीच आहे ना

जुन्या चेडरवर कधी कधी पांढरे कण किंवा पांढुरकी झाक येते. ते कॅल्शियम लॅक्टेट या क्षाराचे खडे असतात, बुरशी नव्हे. पार्मेझानच्या आतही असे कण सापडतात. बोटाने चोळलं की ते कडक, खरखरीत लागतात आणि त्यांना लव नसते. बुरशी मऊ, मखमली किंवा कापशी दिसते. तिचा रंग निळा, हिरवा, करडा, काळा, कधी नुसता पांढराही असतो. शंका असेल तर उजेडात तिरकं धरून बघा, लव असेल तर कडेने दिसते. नाक मात्र जवळ नेऊ नका, कारण हुंगताना बुरशीची धूळ श्वासात जाते आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाला ती सोसत नाही.

चेडर कसं कापलं

नियम एवढाच: डागाच्या चारही बाजूंनी आणि खाली किमान २.५ सेंटीमीटर चीज काढायचं आणि सुरी डागाला लागू द्यायची नाही. सोपं वाटतं, पण घरोघरी चूक इथेच होते. आपण बटाट्याचा डोळा काढावा तशी सुरीचं टोक खुपसून डाग कोरतो. कोरताना पातं बुरशीतून जातं आणि तेच पुढे स्वच्छ भागावर फिरतं. म्हणजे जिथे नव्हती तिथेही आपणच ती नेऊन ठेवतो.

माझा तुकडा १० सेंटीमीटर लांब, ५ रुंद आणि ४ उंच होता. डाग टोकाला होता आणि टोकापासून १ सेंटीमीटर आतपर्यंत पसरलेला. त्यापुढे २.५ धरले, म्हणजे टोकापासून ३.५ सेंटीमीटरवर काप घ्यायचा. ओट्यावर पट्टी ठेवून मोजलं, कारण नुसत्या नजरेने घेतलं की हात नेहमी कमीच कापतो.

डागाचं टोक माझ्यापासून लांब राहील असा तुकडा पाटावर ठेवला. डागाच्या बाजूला हात न लावता चांगली बाजू धरली. मग कोरडी, धारदार सुरी ३.५ सेंटीमीटरच्या खुणेवर उभी धरून एकाच दाबात वरपासून खालपर्यंत नेली. अख्खी चकतीच निघाली. टोकाचा डाग असेल तेव्हा अशी सरळ चकती काढणं सर्वांत बरं, कारण खाली किती खोल गेलं असेल हा प्रश्नच उरत नाही. चकती लगेच पिशवीत घालून तोंड बांधलं. सुरी आणि पाट साबणाने धुतले, हात धुतले आणि मगच उरलेल्या तुकड्याला हात लावला.

उरलं ६.५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १३० ग्रॅम. कापलेली बाजू उजेडात पाहिली. रंग एकसारखा होता, कुठे निळी रेघ नव्हती, फट किंवा भोक नव्हतं. तशी रेघ आत दिसली असती तर तुकडा टाकलाच असता. चेडरमध्ये फट असली की बुरशीला आत जायला हवेची वाट मिळते आणि मग २.५ सेंटीमीटरचा हिशेब चालत नाही.

हाच डाग मधोमध असता तर? समजा तो ४.५ ते ५.५ सेंटीमीटरच्या दरम्यान आहे. दोन्हीकडे २.५ सोडले की २ पासून ८ पर्यंतचा भाग गेला आणि दोन्ही टोकांना २-२ सेंटीमीटरचे तुकडे राहिले, मिळून ८० ग्रॅम. तेवढं ठेवता येतं. दोन्ही काप मात्र स्वच्छ सुरीने घ्यायचे आणि मधला तुकडा अख्खा उचलून टाकायचा. डाग तीन-चार ठिकाणी असतील, किंवा मुळात तुकडाच पाच सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, तर कापाकापी करण्यात अर्थ नाही. हिशेबाने फारसं काही उरत नाही.

इतर चीजचं काय

किसलेल्या चीजला कुठेही बुरशी दिसली, तर पूर्ण पाकीट टाका. किसाच्या प्रत्येक काडीला सगळीकडून हवा लागलेली असते आणि हलवताना बुरशी पाकीटभर पसरते. उघड्या स्लाइसचंही तेच. वेगवेगळ्या गुंडाळलेल्या क्यूबपैकी एकाला बुरशी असेल, तर तो टाका. बाकीच्यांचं वेष्टन धड असेल तर ते चालतील.

आपल्याकडे दुकानात 'चीज' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं प्रोसेस्ड असतं, आणि ते चेडरपेक्षा मऊ आणि ओलं असतं. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. त्याच्या ब्लॉकला मी कडक चीजचा नियम लावत नाही, पिझ्झाच्या मोझरेलालाही नाही. दोन्ही टाकते. क्रीम चीज, रिकोटा, फेटा हे तर पनीरच्याच रांगेतले. श्रीखंडासाठी टांगलेला चक्का आणि दहीसुद्धा त्यातच धरा. वरची बुरशी चमच्याने काढून खालचं वापरायची सवय घराघरांत आहे, ती सोडायला हवी.

ब्री आणि कॅमेम्बेअरची पांढरी साल आणि ब्लू चीजच्या निळ्या शिरा ही मुद्दाम लावलेली, खाण्याजोगी बुरशी असते. पण ब्रीवर हिरवा किंवा काळा डाग आला, तर तो बाहेरून आलेला आहे आणि ब्री मऊ आहे. ती टाकायची.

घरात कोणी गरोदर असेल, कोणाची केमो चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर त्यांना कापून वाचवलेलं चेडरही देऊ नका. लिस्टेरिया नावाचा जीवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आणि गरोदर बाईला साधा ताप आणणारा हा संसर्ग पोटातल्या बाळाच्या जिवावर उठू शकतो.

पनीरवर ही वेळ येऊ नये म्हणून

पाकीट फोडलं की पनीर दोन-तीन दिवसांत संपवा. तोवर ते स्वच्छ डब्यात पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. माझा कोपरा वर राहिला, तिथेच बुरशीला हवा मिळाली. तुकडे काढताना ओला हात किंवा भाजीचा चमचा घालू नका. बुरशी नसली तरी पनीर बुळबुळीत लागलं, पिवळट किंवा गुलाबी झाक आली किंवा आंबूस वास आला तर ते गेलंच. न फोडलेलं पाकीट फुगलेलं दिसलं, तर घेऊच नका. आठवडाभर लागणार नसेल, तर पहिल्याच दिवशी तुकडे करून फ्रीझरमध्ये टाका. बर्फ सुटल्यावर ते थोडं रवाळ होतं, पण भुर्जीत कळतही नाही.

वाचवलेलं चेडर जुन्या वेष्टनात परत गुंडाळू नका. नवा बटर पेपर घ्या, त्यावर डबा. ज्या कप्प्यात बुरशी सापडली तो लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडा करा. दाराच्या रबराच्या घडीत काळे ठिपके असतील तर तेही बघा. माझ्याकडे ते होते, आणि बुरशी तिथूनच येत असावी.

ते १३० ग्रॅम आम्ही चार दिवसांत टोस्टवर संपवलं. दुसऱ्यांदा बुरशी दिसली असती, तर पुन्हा कापलं नसतं.