मेंदी-संगीतला जाताय? घागरा घोट्याच्या वर ठेवा

मेंदीला गादीवर मांडी घालून बसायचं आणि तासाभराने नाचायचंही, म्हणून मला जमिनीला टेकणाऱ्या लेहेंग्यापेक्षा सुती किंवा चंदेरी घागरा बरा वाटतो. तो घोट्याच्या दोन-तीन बोटं वर असावा, म्हणजे गिरकी घेताना पायात येत नाही. आत कॅनकॅनची कडक जाळी नको. उभं राहून फोटोत छान दिसते, पण बसल्यावर टोचते आणि घेर फुगून वर येतो. साधं सुती अस्तर आणि आत लेगिंग पुरे. कमरेला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावून घ्या. ओल्या मेंदीच्या हातांनी नाडी कोण बांधणार? (बाथरूमला जाताना हे फार जाणवतं.)

वर कोपराच्या वर संपणाऱ्या बाह्यांची कुर्ती घाला. पांढरा, मोतिया रंग टाळा, मेंदीचा डाग जात नाही. राणी घागरा, हळदी कुर्ती आणि हिरवी बांधणी ओढणी खुलून दिसते. ओढणी तिरकी घेऊन खांद्यावर आणि कमरेला पिन करा, तीही मेंदी काढायला बसण्याआधीच. निघण्यापूर्वी घरी एकदा मांडी घालून बसा, हात न टेकता उठा; पायाखाली कापड आलं, तर घागरा अजून लांब आहे.