डिमिनिश्ड सेव्हन्थवरून स्केल बदलताना या चुका टाळा

बी, डी, एफ, ए फ्लॅट. कीबोर्डवर हे चार सूर एकत्र दाबले की बी डिमिनिश्ड सेव्हन्थ ही कॉर्ड होते. शेजारच्या कोणत्याही दोन सुरांत बरोबर तीन सेमीटोनचं अंतर आहे, आणि ए फ्लॅटपासून वरच्या बीपर्यंतही तीनच. सप्तकाचे बारा सेमीटोन असे चार सारख्या भागांत कापले गेल्यामुळे नुसतं ऐकून या कॉर्डचा मूळ सूर सांगता येत नाही. चौघांपैकी कोणताही सूर लीडिंग नोट, म्हणजे नव्या षड्जाच्या अर्धा सूर खाली उभा असलेला शुद्ध निषाद, मानता येतो. बी निषाद मानला तर आपण सी मायनरच्या उंबरठ्यावर असतो. डी मानला तर ई फ्लॅट मायनर. एफला ई शार्प म्हणून धरलं तर एफ शार्प मायनर, आणि ए फ्लॅटला जी शार्प म्हटलं तर ए मायनर.

एवढं शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळतं. पुढच्या चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच त्या दिसतात.

कॉर्ड वाजवली म्हणजे स्केल बदललं, असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका वाद्यवृंदाच्या तालमीला मी बसलो होतो. गाणं ए मायनरमध्ये होतं आणि शेवटचा अंतरा तीन सेमीटोन वर, सी मायनरमध्ये चढवायचा होता. मधे दोन बार संगीत. कीबोर्डवरच्या मुलाने त्या दोन बारमध्ये डिमिनिश्ड कॉर्ड घेतली, हात तीन-तीन सेमीटोनने वर सरकवत चार ठिकाणी वाजवली आणि तिसऱ्या बारच्या पहिल्या मात्रेवर सी मायनर दणक्यात मारली. ऐकायला नाट्यमय होतं. अडचण अशी की अंतऱ्याची ओळ त्या पहिल्या मात्रेच्या दोन मात्रा आधी उचलायची होती. गायिकेने ती उचलली, पण ए मायनरमधून. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेत तिच्या कानाबद्दल कुजबुज सुरू झाली आणि कीबोर्डवाला मला म्हणाला, "सर, मी चार-चार कॉर्ड देतोय, तरी ताईंना सूर सापडत नाही."

त्याने चार कॉर्ड दिल्याच नव्हत्या. तीन सेमीटोन सरकवलं की डिमिनिश्ड सेव्हन्थचे तेच चार सूर परत येतात, फक्त खालचा सूर वर जातो. ती एकाच कॉर्डची चार इन्व्हर्जन्स होती. आणि ती कॉर्ड, जी शार्प-बी-डी-एफ, ए मायनरची स्वतःची निषादावरची कॉर्ड आहे. गायिकेच्या कानात षड्ज ए वर बसलेला होता आणि ही कॉर्ड त्याच षड्जाकडे बोट दाखवत होती. सी मायनरची बातमी तिला पहिल्या मात्रेवर मिळत होती, तोवर तिच्या दोन मात्रा गाऊन झाल्या होत्या. तिचा कान अगदी बरोबर होता.

दुरुस्ती एका बोटाची होती. पहिल्या बारमध्ये डिमिनिश्ड तशीच ठेवायला सांगितली, एकाच जागी, हात न हलवता. दुसऱ्या बारला जी शार्प अर्धा सूर खाली जी वर आणायचा, बाकीचे तिन्ही सूर जागेवर, आणि डाव्या हाताने बेसलाही जी. झालं जी-बी-डी-एफ, म्हणजे जी सेव्हन, सी मायनरची डॉमिनंट. आता ओळ उचलताना तिच्या कानावर बी हा निषाद म्हणून स्पष्ट येत होता. पहिल्याच प्रयत्नात ती सी मायनरमध्ये उतरली.

हे कोणत्याही डिमिनिश्ड सेव्हन्थला लागू आहे. चारपैकी एक सूर अर्ध्या सुराने खाली आणा, डॉमिनंट सेव्हन्थ मिळते, आणि जो सूर खाली आला तोच तिचा मूळ सूर होतो. बी-डी-एफ-ए फ्लॅटमध्ये बी उतरवला तर बी फ्लॅट सेव्हन मिळते, ती ई फ्लॅटकडे नेते. डी उतरवला तर डी फ्लॅट सेव्हन, ती जी फ्लॅटकडे. एफ उतरवला तर ई सेव्हन, ती ए कडे. ए फ्लॅट उतरवला तर जी सेव्हन, ती सी कडे. मी शिकवताना हे चारही मार्ग एका बसण्यात, डोळे मिटून, फक्त एक बोट हलवत वाजवून घेतो. ते हातात बसल्याशिवाय कुणाला गाण्यात ही कॉर्ड वापरू देत नाही.

घाई करणाऱ्यांना हा मधला डॉमिनंटचा बार फुकट गेल्यासारखा वाटतो. थेट उडी मारली की जास्त धक्का बसतो, असं ते म्हणतात. नुसतं वाद्यांचं काम असेल, किंवा बेसने नव्या निषादावरून नव्या षड्जावर पाऊल टाकलं असेल, तर थेट उडी चालते. बेसला बी आणि पुढे सी ऐकू आला की कानाला दिशा मिळते. पण आपल्याकडचे गायक-गायिका तानपुऱ्यावर वाढलेले असतात. त्यांचा षड्ज खोल रुजलेला असतो आणि तो हलवायला त्यांना खरोखर वेळ द्यावा लागतो. मध्यम लयीत एक पूर्ण बार डॉमिनंट दिल्याशिवाय मी गायकाला नव्या स्केलमध्ये पाठवत नाही.

ट्रान्सपोजचं बटण दाबून प्लस तीन करणाऱ्यांनी गाणं कुठून कुठे गेलं हे ऐकणाऱ्याला सांगायचं कामच सोडून दिलेलं असतं. मला ती सवय अजिबात पसंत नाही.

स्वरलेखन कसंही करणं

"कीबोर्डवर पट्टी तर एकच आहे, ई फ्लॅट लिहा नाहीतर डी शार्प, फरक काय पडतो?" हा प्रश्न दर बॅचला येतो. फरक काय पडतो ते बीथोव्हेनच्या पाथेटिक सोनाटात, 1799 साली छापल्या गेलेल्या ओपस 13 मध्ये, डोळ्यांनी बघता येतं. सोनाटा सी मायनरमधला आहे. पहिल्या भागात सुरुवातीचा संथ ग्राव्हे डेव्हलपमेंटच्या तोंडाशी परत येतो, तेव्हा तो जी मायनरमध्ये असतो. तिथे एफ शार्प-ए-सी-ई फ्लॅट ही डिमिनिश्ड सेव्हन्थ येते. जी मायनरच्या हिशेबाने एफ शार्प हा निषाद, त्याने वर जी कडे जायचं, आणि ई फ्लॅटने खाली डी कडे. पण पुढच्याच बारमध्ये बीथोव्हेन तीच कॉर्ड पुन्हा लिहितो आणि ई फ्लॅटच्या जागी डी शार्प लिहितो. पियानोवर पट्ट्या त्याच. आता निषाद बदलला. डी शार्प वर ई कडे ओढला जातो, आणि त्यानंतरचा वेगवान अलेग्रो ई मायनरमध्ये सुरू होतो. जी मायनरपासून ई मायनर हे चांगलंच लांबचं घर आहे, एका बाजूला दोन फ्लॅट, दुसऱ्या बाजूला एक शार्प.

पियानोवाल्याला या लिखाणाने फक्त अर्थ कळतो. व्हायोलिनवाल्याचं आणि कॉयरमधल्या गायकाचं मात्र बोट आणि गळा बदलतो. डी शार्प दिसला की व्हायोलिनवाला तो सूर किंचित वर, ई च्या जवळ ठेवतो. ई फ्लॅट दिसला की खाली झुकवतो. चार सूर अगदी समान अंतरावर असतात ते फक्त बारा सारख्या सेमीटोनच्या जुळणीत, म्हणजे कीबोर्डवर आणि फ्रेट असलेल्या गिटारवर. ज्यांच्या हातात सूर मोकळा असतो त्यांना तो कुणीकडे झुकवायचा हे लिहिलेलं अक्षर सांगतं. सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डने वाजवून घेतलेलं नोटेशन न तपासता छापून वाटलं की निम्मे लोक खाली झुकतात, निम्मे वर, आणि कॉर्ड गढूळ लागते.

माझी पद्धत सरळ आहे. वळणाची कॉर्ड मी दोनदा लिहितो, आधी जुन्या स्केलच्या नावांनी, मग नव्या स्केलच्या. दुसऱ्या वेळी नव्या निषादावर पेन्सिलने वर जाणारा बाण काढतो. तो बाण काढता येत नसेल तर कुठे जायचंय हे अजून ठरलेलंच नाही, असं समजून पुढे लिहीत नाही.

बाकीच्या चुका

एका कॉर्डवरून चारच स्केल मिळतात, म्हणून उरलेल्या ठिकाणी ही युक्ती चालत नाही, असं धरून बसू नका. आवाजाच्या हिशेबाने डिमिनिश्ड सेव्हन्थ तीनच आहेत आणि तुमच्या स्केलमध्ये तिन्ही वापरता येतात. सी मेजरमधून ई मेजरला जायचंय? सी ची स्वतःची बी-डी-एफ-ए फ्लॅट इथे कामाची नाही. जी कडे नेणारी एफ शार्प-ए-सी-ई फ्लॅट घ्या, ई फ्लॅटला डी शार्प म्हणा, सी ला अर्धा सूर खाली बी वर आणा. बी सेव्हन तयार, पुढे ई.

कॉर्ड मायनरमध्येच सुटली पाहिजे असंही नाही, मेजरमध्येही तितकीच छान उतरते.

सी मेजर, मग सी-ई फ्लॅट-एफ शार्प-ए, मग परत सी मेजर, असं दिसलं तर स्केल बदललेलं नाही. तिथे सी हा सूर सामाईक राहिलाय आणि बाकीचे त्याच्याभोवती हलून परत आलेत. त्यात निषाद शोधत बसू नका.

सी मायनरमध्ये सोडताना बी वर सी कडे, ए फ्लॅट खाली जी कडे आणि एफ खाली ई फ्लॅटकडे न्या. डी ए फ्लॅटच्या खाली असेल तर तोही ई फ्लॅटवरच चढवा. तो सी वर उतरवला तर डी-ए फ्लॅट या जोडीतून सी-जी असा उघडा पाचवा निघतो आणि कानाला पोकळ लागतो. ई फ्लॅट दोनदा आला तर येऊ द्या.

डिमिनिश्ड एकामागून एक चार-पाच लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की दुसऱ्या कॉर्डनंतर ऐकणारा दिशा शोधणं सोडून देतो. मी दोनच्या पुढे जात नाही.

बी-डी-एफ-ए ही हाफ-डिमिनिश्ड आहे. तिच्यात अंतरं सारखी नाहीत, त्यामुळे यातलं काहीच तिला लागू पडत नाही. कॉर्ड चार्टवर सेव्हनच्या आधी नुसतं गोल आहे की गोलावर तिरकी रेघ आहे, ते नीट बघा.

गिटारवाल्यांसाठी: चौथी तार मोकळी, तिसरीवर पहिला फ्रेट, दुसरी मोकळी, पहिलीवर पहिला फ्रेट. हे डी, जी शार्प, बी, एफ झाले. तोच आकार तीन फ्रेट वर नेला तर तेच चार सूर मिळतात. स्केल बदलायचं असेल तर आकार सरकवू नका, त्यातलं एक बोट एक फ्रेट खाली आणा. तिसऱ्या तारेवरचं बोट उचलून ती मोकळी सोडली की जी सेव्हन मिळते. पहिल्या तारेवरचं उचललं तर ई सेव्हन.