संदर्भ रिकामा, तरी उत्तर तयार

वरुडकडच्या आमच्या शेतकरी गटाच्या प्रश्नोत्तर सिस्टीममध्ये फक्त कापूस अन् तुरीची पत्रकं भरलेली. प्रश्न आला की ती पत्रकांतले जुळणारे तुकडे शोधून भाषा-मॉडेलला देते, अन् मॉडेल त्यावरून उत्तर लिहितं. एकानं संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ विचारली, तर फवारणीचं औषध प्रमाणासकट हजर! लॉग उघडला: जुळणीच्या गुणांची मर्यादा ०.७५, त्याखालचे सगळे तुकडे गाळले गेलेले, मॉडेलला जाणाऱ्या मजकुरात, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, ‘संदर्भ:’पुढे कोरी जागा. ‘फक्त संदर्भावरून सांग’ ही सूचना होती, पण मॉडेलनं मनानंच रचलं. म्हणून एकही तुकडा उरला नसेल तर मॉडेलपर्यंत जायच्या आधीच अडवलं:

```python
if not chunks:
    return "आमच्या पत्रकांत हे नाही. कृषी सहायकांना विचारा."
```

मर्यादा मात्र काढू नका. ती नसली की शोध काहीतरी आणतोच, मग संत्र्याला कपाशीचं पत्रक चिकटतं आणि ही तपासणी गप्प बसते.